गादीवाल्याचा पुतण्या

गादीवाल्याच्या हाताला अशी करामत होती, की त्याच्या गादीवर भांडायला बसलेलं जोडपं भांडण अर्ध्यावर टाकून घोरायला लागे. एका न्यायाधीशाला तर निकाल वाचतानाच डुलकी लागली आणि आरोपी त्याच्या अंगावर पांघरूण घालून घरी निघून गेला, म्हणतात. मी काही खुर्चीखाली लपून पाहिलेलं नाही.

असा हा माणूस मृत्युपत्र न करताच गेला. बायको आधीच गेलेली. मागे राहिला कारखाना, त्यावरच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत राहून कारखाना चालवणारी मुलगी. रांगत्या वयात दत्तक आणलेली, कोर्टाच्या हुकुमानिशी.

तेरावा दिवस उलटायच्या आत तिचा मोठा भाऊ, गादीवाल्याचा पोटचा मुलगा, तिच्या वकीलबाईंच्या टेबलापुढे येऊन बसला.

"हे बघ चिमणे," तो बहिणीला म्हणाला, "राग मानू नकोस. पण तू आणलेली, मी रक्ताचा. कारखाना विकायचा. तुला भाड्याची खोली बघून देतो."

चिमणीच्या बोटांतून कापूस अजून निघाला नव्हता. ती तोच चोळत बसली.

"दत्तक मुलीचा हक्क सख्ख्या मुलाइतकाच असतो," वकीलबाई म्हणाल्या.

"बरं, मग अर्धं-अर्धं!"

"थांबा. तुमचं चष्म्यांचं दुकान कुठून आलं?"

"काकांचं. त्यांनी मला लहानपणीच दत्तक घेतलं ना! त्यांची सख्खी मुलगी म्हणाली, हा उपरा. मी कोर्टात ठणकावून सांगितलं, दत्तक म्हणजे पोटचाच. बरोब्बर अर्धा वाटा घेतला."

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

"बरोबरच सांगितलंत," वकीलबाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून तुम्ही काकांचे. गादीवाल्यांचा वारसा मागायचा हक्क तिथेच संपला. सगळं हिचं."

"मग बाबांचा मी कोण?"

"कायद्याने? पुतण्या."

संध्याकाळी तो कारखान्यात आला. बापाने स्वतःसाठी शिवलेल्या गादीच्या कडेला टेकला. चिमणी दुसऱ्या गादीला टाके घालत होती.

"मला दिलं आणि तुला आणलं," तो म्हणाला. "असं का गं केलं त्यांनी?"

"आई म्हणायची, तू गेल्यावर घर खायला उठलं."

"मग मलाच परत आणायचं!"

तिने दाभण ओढलं. टाका वाकडा गेला.

"चिमणे, वाटा नको मला. फक्त एकदा तोंडाने म्हण, मी बाबांचा मुलगा आहे."

तिचा हात थांबला. तिने छताकडे पाहिलं. वर तिच्या दोन खोल्या होत्या.

"वकीलबाईंना विचारून सांगते, दादा."

तो बापाच्या गादीवर आडवा झाला. गादीवाल्याच्या गादीवर पडून टक्क जागा राहिलेला हा पहिलाच माणूस.

आणि हे मात्र खरं आहे.