दीपमालाचा राजीनामा

धायरीच्या समाजमंदिरात बचत गटाची सभा भरली, की सतरंजीच्या टोकाला शकूताईंना हिरा दिसायची. मरून तीन वर्षं झाली बाईला, पण एक सभा चुकवेल तर शपथ! शकूताई गटाच्या अध्यक्ष. भूत दिसतं म्हणून सांगायची सोय नाही, म्हणून त्या तिकडे पाठ करून बसायच्या.

खरं तर हिरा गटात नव्हतीच. एकटीच बँकेत पैसे साठवायची. नवऱ्याने मारझोड करून एटीएम कार्डाचा पिन नंबर काढून घेतला नि खातं साफ केलं. पुढे कावीळ झाली, तेव्हा दवाखान्याला दमडी उरली नव्हती.

त्या दुपारी दीपमाला उठली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "माझा राजीनामा घ्या. बचतीचे बारा हजार परत द्या."

दाराशी तिचा नवरा शंभू उभा होता. हिरा शेवटी शेवटी अशीच बोलायची, मेलेल्या आवाजात.

राजीनामा दिला की बचत परत करायची, हा गटाचा नियम. ते पैसे शंभूच्या खिशात गेले नि गट सुटल्यामुळे कर्जही हुकलं, की दीपमालाच्या लेकीचा, पूर्वाचा नर्सिंगचा प्रवेश बुडालाच समजा. सोमवारपर्यंत तीस हजार फी भरायची होती.

"राजीनामा नंतर बघू," शकूताई म्हणाल्या. "गेल्या सभेत तू फीसाठी कर्ज मागितलं होतंस, ते आधी. कुणाची हरकत?"

बायका काय खुळ्या नव्हत्या. भराभर हात वर झाले. सगळ्यांच्या साठलेल्या पैशांतून तीस हजार, धनादेश थेट कॉलेजच्या नावाने, असा ठराव सचिव राजनंदिनीने लिहून टाकला.

"कर्ज कुणी मागितलंय?" शंभू ओरडला. "ती सोडतीय ना गट!"

"कर्ज फिटेपर्यंत सोडता येत नाही, आणि बचतही मिळत नाही," राजनंदिनी म्हणाली. "नियमावली वाचून दाखवू, की चष्मा आणताय?"

आता सही तेवढी दीपमालाची हवी होती. ती कितीतरी वेळ पेन धरून बसली. मग तिने मान खाली घालून सही केली. शंभू शिव्या घालत निघून गेला.

"घरी गेल्यावर काय होईल?" दीपमालाने हळूच विचारलं.

"आम्ही दहाही जणी येतो. रोज येऊ."

"ताई, एवढं कशाला करताय माझ्यासाठी?"

शकूताई वळल्या आणि पहिल्यांदाच सतरंजीच्या त्या टोकाकडे नीट बघत म्हणाल्या, "हिरा गटात यायला माझ्या दारात आली होती गं. नवरा दारुडा हाय, गटाला नसता ताप नको, म्हणून मीच तिला परत पाठवली."