खांद्यावरची बोटं

मास्तरांनी लिहिलेलं आठवणींचं पुस्तक छापायला त्यांची मुलगी आली आणि फोटो म्हणून तिने स्क्रीनशॉट माझ्या हातावर टेकवले. छापखान्यात बावीस वर्षं पानं लावतेय मी. स्क्रीनशॉट बघितला की माझं डोकं उठतं.

"हे छापलं तर तोंडाच्या जागी नुसता लगदा येईल, बाई. मूळ फोटो आणा."

"अण्णांनी स्कॅन करून कागद टाकून दिले. माझे फोटो तर त्याआधीच पाण्यात भिजले, म्हणतात."

मास्तरांना ती अण्णा म्हणायची. पुस्तकात तिचे दोन्ही भाऊ पानोपानी होते, ही कुठेच नव्हती. सात वर्षं मास्तरांचं औषधपाणी हीच करत होती. भाऊ फोनवर चौकशी करायचे.

"मग मास्तरांनी पुस्तक टाइप केलंय ती वर्डची फाइल आणा. फोटो आत असतात."

"अण्णा फाइल देत नाहीत. हेच छाप म्हणाले."

मी हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या नकळत फाइल आणली.

फाइलीची प्रत काढली, नावाच्या शेवटचं docx खोडून zip केलं आणि उघडली. आत word नावाचं फोल्डर, त्यात media, त्यात अकरा फोटो. सेव्ह करताना फोटो कॉम्प्रेस होऊ नयेत, ही खूणही मास्तरांनी करून ठेवली होती, त्यामुळे ते स्कॅन केले तसेच्या तसे निघाले. मी खुशीत पहिला उघडला.

आईच्या उजव्या हाताला दोन वेण्यांची मुलगी उभी होती.

वर्डमध्ये फोटो कापला, तरी कापलेला भाग मुद्दाम काढून टाकेपर्यंत फाइलीत तसाच राहतो. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. अकराही फोटोंत ती होती. मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

"माझे भिजलेले नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि घरी फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"अण्णा, मी सगळ्या फोटोंत आहे."

"फाइल का नेलीस? स्क्रीनशॉट दिले होते ना?"

"तुम्ही भिजले म्हणाला होतात."

"घर सोडून गेलीस, त्या दिवशीच भिजले. मी आजारी पडल्यावर परत आलीस म्हणून काय झालं? होते तसे कापायला सांग." जरा थांबून ते म्हणाले, "आणि पहिल्या फोटोत आईच्या खांद्यावर बोटं राहिलीत. माझ्याच्याने निघेनात. त्या बाईंना जमेल, तीही काढायला सांग. आणि येताना माझ्या गोळ्या आण, दोनच उरल्यात."

"आणते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी नाही कापणार. फाइल घेऊन जा."

"दुसरीकडे कापतीलच." तिने खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही निदान नीट कापाल."

मूळ फोटो पूर्ण निघाल्यामुळे अकराही नव्याने कापावे लागले. रेघ कुठून घ्यायची ते ती सांगत होती. शेवटी पहिला फोटो मोठा केला. आता बोटं स्वच्छ दिसत होती, नखांसकट. मी शेजारच्या पदराचा रंग उचलून एकेक बोट पुसत गेले.

"करंगळी राहिली," ती म्हणाली.