मुंगीएवढं अक्षर

मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही 'कात्री' म्हणायचो. मी पाच मार्कांनी नापास झाले आणि कात्रीने पाचच मार्कांच्या एका प्रश्नाला भोपळा दिला होता. वर्गात त्यांच्याशी वाद घातल्याचा सूड, दुसरं काय! सहा महिने वाया जाणार म्हणून माझं डोकं फिरलं होतं.

फेरतपासणीच्या अर्जावर सकाळीच बाबांची सही घेतली. बाबांनी ती सावकाश, मान खाली घालून केली.

ऑफिसातल्या क्लार्कने अर्ज प्रवेशाच्या फॉर्मशेजारी ठेवला. "ही सही वडिलांची? की तुमची?"

"वडिलांचीच!"

"जुळत नाही. हे दोन्ही तुमच्या फार्माकॉलॉजीच्या मॅडमना दाखवा."

आता खोटारडेपणाचा शिक्का! हेही कात्रीनेच सांगून ठेवलं असणार. दोन्ही कागद घेऊन मी तावातावाने त्यांच्या खोलीत शिरले.

"प्रश्नात बासष्ट वर्षांचा माणूस, उलट्या थांबत नाहीत. मी उलटीवरची गोळी मेटोक्लोप्रामाइड लिहिली. चूक काय?"

त्यांनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. "तिसरी ओळ. मोठ्याने वाच."

"'पत्नी सांगते, वर्षभरात यांचं अक्षर मुंगीएवढं झालंय. चालताना डावा हात हलत नाही.' मॅडम, ही तर बायकोची कुरकुर! उगाच भरताड."

"भरताड नाही, तोच आजार आहे. पार्किन्सन. हालचालींसाठी लागणारं डोपामिन मेंदूत आधीच कमी, आणि तुझी गोळी तिथे जाऊन उरलेल्यालाही काम करू देत नाही. माणूस आणखी आखडतो. उत्तर होतं डॉम्पेरिडोन, ते मेंदूत फारसं शिरत नाही. ते हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून तर प्रश्नात 'हृदय ठीक आहे' असं मुद्दाम दिलंय. तुझं औषध इथे द्यायचंच नाही, हे तुला त्या ओळीतून ओळखायचं होतं."

वाद घालायला तोंड उघडलं, पण नजर हातातल्या कागदांवर गेली. प्रवेशाच्या फॉर्मवर बाबांची ऐसपैस सही, शेवटी लांब शेपटी. आजच्या अर्जावर तीच सही, पण बारीक, पुढे पुढे आणखी बारीक होत गेलेली.

सही बदलली हा क्लार्कचा संशय बरोबर होता, फक्त तो माझ्यावर घ्यायला नको होता.

मॅडमनी माझ्या हातून दोन्ही कागद घेतले. चष्मा वर केला. "वडिलांना काही गोळ्या चालू आहेत?"

"मळमळ होते म्हणून... तीन महिने. हीच."

"ही तर काही दिवसांपुरती द्यायची! कुणी दिली?"

मी पर्समधून फोन काढला.

"आजार आधीचा की गोळीने आणलेला, ते मेंदूचे डॉक्टर बघतील," मॅडम हळू म्हणाल्या. "गोळी आत्ता थांबव. उद्या त्यांना घेऊन ये. मी येते सोबत."

मी तिथेच उभी राहून फोन लावला.

"बाबा, जेवणाआधीची ती गोळी घेऊ नका."

"का गं?" बाबा हसले. "घरात डॉक्टर असताना मी दुसऱ्या कुणाचं कशाला ऐकू? तूच तर आणलीस."