माझा नीटनेटका कागद

"दर पाच वर्षांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मागचा चार वर्षांपूर्वी झालाय. म्हणजे पुढच्या वर्षी या," काउंटरवरच्या सिस्टर म्हणाल्या.

"पण तिला दम लागतो," मी म्हणालो.

मी पहिल्यांदा काही बोललो की ते कुणालाच ऐकू जात नाही. म्हणून पुन्हा म्हणालो, आणि या वेळी आवाज इतका चढला की बाकांवरची निम्मी माणसं वळून बघायला लागली. शेजारी उभ्या माझ्या मुलीने कपाळाला हात लावला.

"बाबा, हळू. सिस्टर, मला पाचवा महिना आहे. दम लागणारच. आमच्या डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या."

"त्यांना लहानपणीच्या केमोचं सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगितलं. 'अरे वा, छान बऱ्या झालात,' म्हणाल्या."

हे असं. गेला महिनाभर मी हेच ऐकत होतो. जावई म्हणतो, होतं असं. तिची सासू म्हणते, होतंच असं. दुसऱ्या मजल्यावर जाताना मुलगी मधे थांबते, फोन बघितल्यासारखं करते, आणि तो फोन बंद असतो हे फक्त मला दिसतं. झोपताना दोन उशा लागतात. मी वाद घालणारा माणूस नाही. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, तिथेही शंका समासात पेन्सिलीने लिहायचो आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचो. पण या वेळी मी तिला ओढतच इथे आणली होती. कॅन्सरमधून बरे झालेल्यांची तपासणी करणारा हा विभाग. ती सहा वर्षांची असताना तिच्या मानेत गाठ निघाली होती, त्याला आता चोवीस वर्षं झाली.

"काका," सिस्टर म्हणाल्या. वैतागल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. "तुम्हीच तर इतकी छान माहिती दिलीय. असा नीट कागद कुणी आणत नाही. आम्ही नव्या नर्सेसना दाखवतो." त्यांनी फाइलमधून माझा कागद काढला. टंकलेला, समास सोडलेला, तारखा एकाखाली एक. "हे बघा, डॉक्सोरुबिसिन. एकूण दोनशे दहा. हे लाल औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं, कधी कधी वीस-वीस वर्षांनी कळतं, म्हणून तर इको. पण किती वेळा ते डोसवर ठरतं. अडीचशे किंवा वर असेल तर दर दोन वर्षांनी. शंभर ते अडीचशेच्या मधे असेल तर पाच. तुमच्या मुलीचा दोनशे दहा. झालं?"

"झालं," मुलगी म्हणाली. "चला बाबा."

मी हललो नाही. काय करावं ते सुचेना तेव्हा मी पिशवी उघडली. जिथे तिच्यावर उपचार झाले ते जुनं हॉस्पिटल बंद पडलं, तिथली कागदपत्रं कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. पण प्रत्येक केमोच्या दिवशी मिळालेल्या चिठ्ठ्या मी ठेवल्या होत्या. त्या सहा चिठ्ठ्या मी सिस्टरांपुढे पत्त्यांसारख्या मांडल्या. का, ते मलाही सांगता आलं नसतं. माझा कागद खरा आहे हे दाखवून द्यायचं असावं बहुधा.

"देवा रे," मुलगी पुटपुटली. "आता हे प्रदर्शन."

सिस्टरांनी उपकार केल्यासारखी पहिली चिठ्ठी उचलली. मग चष्मा लावला. मग दुसरी उचलली.

"काका, दोनशे दहा कुठून आणलेत?"

"बेरीज केली. पस्तीस, सहा वेळा."

"हे पस्तीस मिलिग्रॅम म्हणजे बाटलीत प्रत्यक्ष घातलेलं औषध. मुलगी एवढीशी होती, म्हणून एवढंसं. आम्ही तो आकडा धरत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे किती, ते धरतो. इथे वर लिहिलंय बघा, पन्नास. गुणिले हिचं क्षेत्रफळ, शून्य पूर्णांक सात. बरोबर पस्तीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन्नास सहा वेळा किती?"

तीनशे. मी ते तोंडाने म्हणालो की नाही, आठवत नाही.

ती ओळ प्रत्येक चिठ्ठीवर होती. मी सहाही वेळा ती वाचली होती. दुसऱ्यांच्या पुस्तकातला निसटलेला अनुस्वार मला दहा पावलांवरून दिसायचा, आणि इथे मी आकडा उचलला आणि त्याचं एकक मागे ठेवलं. नुसतं 'एकूण २१०'. कागद इतका नीट की पुढे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. गबाळा असता तर विचारलं असतं.

"म्हणजे मधला एक इको राहिला," सिस्टर म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीचा. आणि गरोदरपण ठरवतानाच एक व्हायला हवा होता. पोटात बाळ असलं की हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं." त्या उठल्या. "आमचंही चुकलं. मूळ चिठ्ठ्या मागायला हव्या होत्या. थांबा, आत्ता करून घेते."

इकोच्या खोलीत मला पडद्याच्या अलीकडे बसवलं. पलीकडे तिला डाव्या कुशीवर झोपवून छातीवर जेल लावलं होतं. यंत्रातून ठोक्यांचा ओलसर आवाज येत होता. मी मोजू लागलो, मग थांबलो. माझ्या मोजण्यावर आता माझाच भरवसा नव्हता.

"बाबा," पडद्यामागून आवाज आला, "श्वास तरी घ्या. इथपर्यंत ऐकू येतंय की घेत नाही आहात."

तासाभराने हृदयाच्या डॉक्टरांनी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. साठ आणि सेहेचाळीस. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते. साठ हा चार वर्षांपूर्वीचा, सेहेचाळीस आजचा.

"घाबरून जायचं नाही, पण दुर्लक्षही नाही," ते म्हणाले. "एक गोळी आज सुरू करू, ती बाळाला चालते. दुसरी जास्त उपयोगाची आहे, पण ती गरोदरपणात देता येत नाही, बाळंतपणानंतर बघू. इको आता दर महिन्याला. बाळंतपण इथेच, आम्ही हजर असताना. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही लक्ष ठेवावं लागेल."

"दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "कदाचित तेव्हाच औषध सुरू केलं असतं. कदाचित तेव्हा काही दिसलंही नसतं."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मने, चूक माझी—"

"हो, तुमचीच," ती म्हणाली. "आणि मला इथे ओढून आणलंत तेही तुम्हीच. आता मी कशावर चिडू ते ठरवू दे. आणि तुम्ही रडायचं नाही हं. आज माझा नंबर आहे."

ती खरंच रडली, थोडं, रागाने. मग नाक पुसून माझा कागद मांडीवर घेतला आणि माझ्या खिशातली लाल पेन्सिल न विचारता काढली. दोनशे दहावर तिने अशी रेघ मारली की कागद फाटायचा राहिला. वर लिहिलं, ३००.

ती घडी घालू लागली. मला दिसत होतं. गप्प बसावं असंही वाटत होतं; आज मी कोण कुणाला चुका दाखवणार?

"एकक," मी म्हणालो. ऐकू गेलं नाही. "मने, एकक राहिलं."

"लिहितेय ना!" ती एवढ्याने ओरडली की काउंटरवरच्या सिस्टरांनी मान वर केली. तिने घडी उलगडली, दात-ओठ खात आकड्यापुढे 'दर चौरस मीटरला मिलिग्रॅम' एवढं सगळं लिहिलं, आणि कागद माझ्या हातात कोंबला.

"घ्या. वाचा. मोठ्याने वाचा."