लसींच्या फ्रिजचा कारभार

रुग्णालयाच्या औषधभांडारातल्या फार्मासिस्टबाईंनी रजेवर जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्या सहकाऱ्यासाठी सविस्तर टिपण लिहिले. सहकाऱ्याने त्या कागदांचा पंखा करून वारा घेतला. त्याला सगळे निवांतराव म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याची निरीक्षणशक्ती वादातीत होती.

"वाचलंत?"

"ताई, एवढं पुराण कोण वाचतं? अडलं तर फोन करीन की!"

बाईंचा संताप उकळत नसे, गोठत असे. सोमवारी त्या धाकट्या बहिणीला आपले एक मूत्रपिंड देणार होत्या. तेवढी एक काळजी पुरे होती. आपल्या माघारी फ्रिज बिघडून मुलांच्या लसी नासतील, ही दुसरी त्यांना नको होती. म्हणूनच टिपणात लिहिले होते: तापमान दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेले, तर खोकी शेजारच्या फ्रिजमध्ये हलवा, वेगळी ठेवा, निर्णय होईपर्यंत वापरू नका, फेकूही नका.

रुग्णालयाच्या प्रशासकसाहेबांनी दारातून डोकावून ज्ञान पाजळले, "एका पानात बसवा हो. लोकांना वेळ नसतो."

"बिघडायला लसींनाही फारसा लागत नाही, साहेब."

साहेब सटकले. प्रशासनाची ही कला मात्र त्यांना पूर्ण अवगत होती.

"आणि सोमवारी फोन करू नका," बाई निवांतरावांना म्हणाल्या. "मी गुंगीत असेन आणि फोन कपाटात बंद."

"असं? मग फ्रिज तापला की मेसेज कुणाला येतो?"

"मला. कितीतरी वर्षं मलाच..."

बाई थबकल्या. ओळ न् ओळ त्यांनी तपासली होती. मात्र हा इशारा फक्त आपल्याच फोनवर येतो, हे त्यांना श्वासाइतके अंगवळणी पडले होते. आणि श्वास कसा घ्यावा हे कोण लिहून ठेवते? अख्ख्या इमारतीत हा प्रश्न सुचावा तर या गृहस्थाला! दैवाची ही अभिरुची त्यांना अत्यंत हीन वाटली.

"तुमचा नंबर सांगा," त्या दातओठ खात म्हणाल्या.

"माझा? अहो, रात्री-अपरात्री..."

"लसींना रात्र कळत नाही."

त्यांनी फ्रिजच्या इशारायंत्रात निवांतरावांचा नंबर घातला, साहेबांना परत बोलावून त्यांचाही घातला, आणि फ्रिजमधला तापमापीचा संवेदक बाहेर काढून मुठीत धरला. आकडा चढू लागला. सात अंश, आठ, नऊ. मग बाईंच्या पर्ससकट दोन्ही खिसे एकदमच किंचाळले.

"बाप रे! आता काय करायचं?" निवांतराव दचकले.

बाईंनी संवेदक जागेवर ठेवला, दार घट्ट लावले आणि पर्स खांद्याला अडकवली.

"ताई, सांगा ना!"

"लिहिलंय," त्या म्हणाल्या.

निवांतरावांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी कागदांकडे बोट दाखवले, "मोठ्याने वाचा, मलाही ऐकू द्या."