ओमप्रकाशच्या दुकानातली सायकल

दुसऱ्या महायुद्धाआधीची गोष्ट. मी अमरावतीच्या भाजीबाजारात एका अडत्याकडे तराजू धरायचो. धाकटा भाऊ पुंजाराम वलगावला मळा करायचा. माल बाजारात आणायला रोज गाडीभाडं जायचं, म्हणून त्यानं सायकल घ्यायचं ठरवलं. साठ रुपये धोतराच्या सोग्यात बांधून तो माझ्याकडे आला.

ओमप्रकाशच्या दुकानात सायकल रोखीनं साठलाच होती. हप्त्यानं घेतली तर आधी वीस, मग दहा महिने पाच-पाच. म्हणजे सत्तर. सायकल शेवटच्या हप्त्यापर्यंत दुकानाची. दोन हप्ते थकले की ती परत न्यायची आणि दिलेले पैसे बुडाले.

हे सगळं मला ठाऊक होतं. हप्त्याचं गिऱ्हाईक आणलं की ओमप्रकाश मला दोन रुपये द्यायचा, रोखीच्या गिऱ्हाइकामागे काही नाही. हेही मलाच ठाऊक होतं.

पुंजारामनं विचारलं, "दादा, रोखीनं घेऊ का?"

"कावून? चाळीस रुपये हाती राहतीन. महिन्याले पाच तुले जड आहे का?"

"तू म्हनतं त खरं," म्हणत त्यानं वीस मोजले आणि कागदावर अंगठा लावला. जप्तीची अट मी त्याला सांगितली नाही.

मलाही तेव्हा दहा रुपये व्याज फारसं वाटलं नव्हतं. चाळिशीनंतर अक्षरं शिकलो, पाटीवर हिशेब मांडला, तेव्हा दिसलं. पाच हप्ते फिटल्यावर देणं निम्मं उरलं होतं, पण महिन्याचा एक रुपया व्याज काही निम्मं झालं नव्हतं.

हाती राहिलेले चाळीस मोटेत आणि बियाण्यात गेले. आठ हप्ते त्यानं वेळेवर भरले. मग कोबीचा भाव पडला, दोन हप्ते थकले आणि दुकानाचा माणूस भर बाजारातून सायकल घेऊन गेला. साठ रुपये भरून झाले होते. तेवढ्याच पैशांत ती पहिल्याच दिवशी त्याची झाली असती.

डोक्यावर टोपलं घेऊन पुंजाराम दुसऱ्या दिवशी पायी बाजारात आला.

मी दुकानात गेलो, ओमप्रकाशच्या हातापाया पडलो, पदरचे दहा भरले आणि सायकल सोडवली. वलगावला नेऊन दिली, तेव्हा त्याला खरं सांगायचंच असं ठरवूनच गेलो होतो. दोन रुपयांचं, अटीचं, सगळं.

त्यानं सायकलीवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "तुये दहा रुपये हप्त्यानंच देईन, दादा. व्याज किती लावतं?"

"घरच्या मानसाले कायचं व्याज?" मी म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. सोग्याची गाठ सोडून त्यानं एक रुपया माझ्या हातावर ठेवला. मी तो घेतला.

पुढचे नऊही घेतले.