हेलियमला किती जागा लागेल

चौसष्टच्या उन्हाळ्यात रूपचंद पाटील सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण समज किती उरली ते आज सांगता येणार नाही. सरांना प्रकाशा या त्यांच्या गावी, घरी आणलं.

नंदुरबारच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे आम्ही दोघंच. सर, आणि त्यांचाच जुना विद्यार्थी मी, हिलाल. दर रविवारी मी जायचो आणि दर रविवारी माझं डोकं फिरायचं. भेटायला येणारे खाटेशेजारी बसून, सर तिथे नाहीतच असं समजून, त्यांच्यामागे घराचं कसं होणार याची चर्चा करत. मी दोघातिघांना फटकारलंही. पण खरं सांगायचं तर मलाही धीर नव्हता. सर प्रत्येक गोष्टीला मान हलवायचे. चहा हवा का, हो. चहा नको का, तरीही हो.

एका रविवारी सरांच्या पत्नी धनुबाईंनी मला ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं आणि अहिराणीत विनवलं.

"हिलालभाऊ, तुम्हना शास्त्रमातलं काही इचार त्यास्ले. मन्हा माणूस आत शे का नही, तेवढं माले सांग."

जूनमध्ये सरांचा एक धडा मलाच शिकवायचा होता. एकअणू आदर्श वायूची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या विस्कळीतपणाचं माप, पार्टिशन फंक्शनवरून. घरातली पाटी घेऊन मी सूत्र लिहिलं आणि सरांपुढे धरलं. एका अणूला हिंडायला किती अवस्था मोकळ्या आहेत, ते पार्टिशन फंक्शन सांगतं. त्यात घनफळ येतं, आणि वस्तुमान व तापमान यांच्या गुणाकाराचा दीड घात येतो. अणूंची संख्या आणि तापमान तेच ठेवलं, तर ज्याचं पार्टिशन फंक्शन मोठं त्याची एन्ट्रॉपी जास्त.

खाली दोन सारख्या बरण्या काढल्या. एकीत हेलियम, अणुभार चार. दुसरीत आरगॉन, अणुभार चाळीस. अणू तेवढेच, तापमान तेच. एन्ट्रॉपी कोणाची जास्त? पोरं हमखास हेलियम म्हणतात, हलका आहे, जास्त पळतो म्हणून. सरांचं डावं बोट आरगॉनवर टेकलं. बरोबर होतं. अणू जड असला की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या जवळजवळ येतात, आणि तेवढ्याच तापमानात त्याला जास्त पायऱ्या मिळतात.

धनुबाईंना मी सांगितलं. त्या खुळ्या नव्हत्या. म्हणाल्या, दोनातलं एक तर आंधळाही दाखवील.

मग मी असं विचारलं, की मान हलवून भागणार नाही. हेलियमची बरणी किती पट मोठी केली, तर त्याची एन्ट्रॉपी आरगॉनएवढी होईल? खडू सरांच्या डाव्या हातात दिला. उत्तर माझ्या मनात तयार होतं. वस्तुमान दहापट, म्हणजे जागाही दहापट.

सरांनी बराच वेळ घेतला. वाकडंतिकडं, पण वाचता येईल असं लिहिलं. बत्तीस.

चुकलं, मी मनात म्हटलं. धनुबाई माझ्याकडे बघत होत्या. माझा चेहरा काही लपला नाही, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पाटी काढून घ्यायला गेलो तर सर सोडेनात. डाव्या हाताने खडू सूत्रावर आपटत राहिले, एकाच जागी. त्या दीड घातावर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घनफळ सूत्रात साधं येतं, वस्तुमान दीड घाताने. चारचा दीड घात आठ. चाळीसचा दोनशे त्रेपन्न. भागाकार साडेएकतीसच्या वर, म्हणजे बत्तीसच. चुकलो होतो मी. जूनमध्ये वर्गभर पोरांना दहा सांगून मोकळा झालो असतो. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या पत्रानेही दिला नव्हता.

"काकू, सर आत आहेत. पुरते आहेत. मीच चुकलो."

धनुबाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या मटकन खाटेच्या काठावर बसल्या.

"म्हंजे इतला दिन तुम्हले सम्दं समजी ऱ्हायंतं?" त्यांनी सरांना विचारलं. दोन महिन्यांत त्या सरांशी थेट बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. "मी रोज याच खाटजोडे बसीसन देवले म्हणू, यास्ले सोडाव, आते उचली ले. तेबी आयकं तुम्ही?"

सरांनी मान हलवली नाही. खडू टाकला, डाव्या हाताने धनुबाईंचं मनगट धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. धनुबाईंनी सोडवून घेतलं नाही. तशाच बसून रडत रडत त्या सरांना दोन महिन्यांचं सगळं सांगू लागल्या, कपाशीचं बी आणलं इथपासून. मी पाटी तिथेच ठेवली आणि चपला घातल्या.